‘मुलगी बाहेर यायला तयार आहे ना?’ – लग्नानंतरच्या जागेचा प्रश्न दबाव न आणता कसा विचारावा

पेण आणि रोह्याकडच्या आपल्या घरांत रिश्त्याची बोलणी चालतात तेव्हा एक प्रश्न हमखास येतो. चहा-नाश्ता झालेला असतो, एकमेकांची ओळख काढून झालेली असते. मग मुलाचे मामू किंवा मोठे भाईजान सहज विचारल्यासारखं विचारतात, “मुलगी बाहेर यायला तयार आहे ना?” मुलीचे अब्बा लगेच म्हणतात, “त्याची काळजीच नको. जिथे नवरा, तिथे ती.” सगळे मान डोलावतात आणि बोलणं मेहरकडे, तारखेकडे वळतं. जिच्याबद्दल हे विचारलं, ती त्या वेळी आतल्या खोलीत असते.

आम्ही अशा बैठकांना बसलो आहोत आणि काही वेळा मध्यस्थीही केली आहे. आमचा अनुभव असा की या प्रश्नाचं उत्तर ‘हो’ असंच येतं, आणि त्या ‘हो’चा अर्थ प्रत्येक जण वेगळा लावतो. मुलाला वाटतं, ती शारजाला येईल. मुलाच्या अम्मीला वाटतं, ती रोह्यात आपल्याजवळ राहील. मुलीला वाटतं, दोन-चार महिन्यांत व्हिसा येईल. निकाहनंतर सहा महिन्यांनी हे तीन अर्थ समोरासमोर येतात, आणि मग ‘तुम्ही तर हो म्हटलं होतं’ हे वाक्य सुरू होतं.

खोटं कोणीच बोललेलं नसतं. प्रश्नच अर्धवट विचारलेला असतो.

एक प्रश्न नव्हे, चार प्रश्न

‘बाहेर यायला तयार आहेस का?’ या वाक्यात निदान चार वेगळी आयुष्यं दडलेली आहेत.

पहिलं, निकाहनंतर लवकरच नवऱ्याबरोबर परदेशी जाणं. दुसरं, एक-दोन वर्षांनी जाणं आणि तोपर्यंत सासरी राहणं. तिसरं, कायम सासरीच राहणं आणि नवऱ्याने वर्षातून एकदा रजेवर येणं. चौथं, मुंब्रा, पनवेल किंवा तळोज्याला घर घेऊन दोघांनी तिथे राहणं.

एकच मुलगी पहिल्याला आनंदाने हो म्हणेल आणि तिसऱ्याला साफ नाही म्हणेल. दुसरी एखादी उलट सांगेल. तिला दुबईत एकटीने दिवस काढण्यापेक्षा सासरच्या भरल्या घरात राहणं आणि महिन्यातून एकदा रोहा-दिवा गाडीने पेणला माहेरी जाणं बरं वाटेल. म्हणून पहिला नियम साधा आहे. चारही गोष्टी वेगवेगळ्या विचाराव्यात, आणि आपल्या बाबतीत नक्की कोणती होणार आहे हे मुलाच्या घरच्यांनी आधी स्वतः ठरवून सांगावं. मुलीकडे उत्तर मागण्याआधी मुलाकडे माहिती मागितली पाहिजे.

आमच्या पाहण्यात सगळ्यात जास्त दुखावलेली घरं ती आहेत, जिथे सगळ्यांनी पहिलं आयुष्य गृहीत धरलं आणि नशिबी तिसरं आलं. याचं कारण बहुतेक वेळा मनात नसतं, पगारपत्रकात असतं.

फॅमिली व्हिसा पगारावर ठरतो

आखाती देशात नोकरी आहे म्हणजे बायकोला नेता येतंच असं नाही. संयुक्त अरब अमिरातीत, म्हणजे दुबई, शारजा, अबुधाबीत, बायकोला बोलावण्यासाठी नवऱ्याचा पगार महिना किमान 4,000 दिरहम लागतो, किंवा 3,000 दिरहम आणि वर राहण्याची सोय. राहण्याची सोय म्हणजे कुटुंबासाठीची जागा. कंपनीच्या खोलीत चौघांत मिळालेला एक बेड त्यात धरला जात नाही. घर भाड्याने घ्यायचं तर नोंदवलेला भाडेकरार लागतो. तिथे वर्षाचं भाडं थोड्या आगाऊ चेकमध्ये देण्याची पद्धत आहे, त्यामुळे सुरुवातीला एकरकमी पैसा हाताशी हवा.

कुवेतने 2024 च्या जानेवारीत फॅमिली व्हिसा पुन्हा सुरू केला तेव्हा पगाराची अट 800 दिनार ठेवली. दुकानात, ड्रायव्हिंगवर किंवा टेक्निशियन म्हणून काम करणाऱ्या आपल्या बहुतेक मुलांसाठी हा आकडा खूप वर आहे. सौदीत 2017 पासून सोबतच्या प्रत्येक कुटुंबीयामागे सरकारी शुल्क सुरू झालं आणि ते दरवर्षी वाढत 2020 ला महिना 400 रियाल झालं. म्हणजे फक्त बायकोसाठी वर्षाला 4,800 रियाल आणि एक मूल झालं की 9,600. जेवणखाण, भाडं, शाळा याच्या वर हा खर्च. त्या वर्षांत सौदीतली कितीतरी कुटुंबं बायको-मुलांना गावी ठेवून एकटी राहू लागली.

हे नियम बदलत राहतात, म्हणून बोलणीच्या वेळी ताजी अट मुलानेच आपल्या कंपनीच्या ऑफिसात विचारून घ्यावी. पण मुद्दा लक्षात घ्या. ‘मी तिला घेऊन जाईन’ हा मुलाचा इरादा झाला. ‘माझा पगार इतका आहे, अट इतकी आहे, म्हणून अमुक महिन्यापर्यंत नेता येईल’ ही माहिती झाली. मुलीला इराद्यावर हो-नाही सांगायला लावणं म्हणजे तिला अंधारात चालायला लावणं.

पगार विचारणं आपल्याकडे अजून अवघड जातं. “आम्हाला पैशाची लालूच नाही” असं म्हणून मुलीकडचे गप्प बसतात. त्यांनी पगार विचारू नये, हवं तर फक्त इतकं विचारावं: “फॅमिली व्हिसाच्या अटीत तुमचा पगार बसतो का? बसत नसेल तर कधी बसेल?” यात कोणाचा अपमान होत नाही.

दबाव कुठून येतो

दबाव म्हणजे कोणी धमकी देतं असं नव्हे. आपल्याकडे तो तीन साध्या ठिकाणांहून येतो.

पहिलं ठिकाण म्हणजे रजा. मुलगा तीस दिवसांच्या रजेवर येतो. पहिल्या आठवड्यात मुली पाहणं, दुसऱ्यात मंगनी, तिसऱ्यात निकाह, चौथ्यात परतीचं तिकीट. या घाईत मुलीला जागेबद्दल विचारलं तर ती नाही म्हणणार कधी? हॉल ठरलेला असतो, मामूंनी सुट्टी टाकलेली असते. म्हणून जागेचा प्रश्न मुलगा विमानात बसण्याआधीच, म्हणजे फोनवरच्या बोलणीत मिटायला हवा. रजा निकाहसाठी ठेवावी, विचार करण्यासाठी नव्हे.

दुसरं ठिकाण म्हणजे विचारणारी व्यक्ती. होणाऱ्या सासूबाईंनी हात हातात घेऊन “बेटा, माझ्या मुलाबरोबर राहशील ना?” असं विचारलं तर कोणतीही मुलगी नाही म्हणणार नाही. अब्बांनी विचारलं तरी तेच. ज्याला नाराज करण्याची भीती वाटते, त्याने हा प्रश्न विचारूच नये. तो लग्न झालेल्या बहिणीने, खालाने किंवा जवळच्या चाचीने विचारावा. तिने आधीच सांगावं, “तू जे बोलशील ते तुला विचारल्याशिवाय मी पुढे नेणार नाही.” आणि मग तो शब्द पाळावा.

तिसरं ठिकाण म्हणजे गप्प राहण्याचा अर्थ. कुमारिकेची निकाहला असलेली संमती तिच्या मौनातूनही समजावी, हे हदीसमध्ये आलं आहे आणि आपल्या सगळ्यांना माहीत आहे. पण तिथे गोष्ट निकाहच्या रजामंदीची आहे आणि लाजेची आहे. त्यावरून मुलीचं गप्प राहणं म्हणजे कुवेतला जाण्याची किंवा दोन वर्षं नवऱ्याविना राहण्याची रजामंदी, असा अर्थ काढणं बरोबर नाही. जागेच्या बाबतीत गप्प राहण्याचा अर्थ बहुतेक वेळा ‘मला अजून कळलेलं नाही’ असा असतो.

शब्द कसे असावेत

“तयार आहेस ना?” या वाक्यातल्या ‘ना’मध्येच उत्तर दडलेलं आहे. तिथे नाही म्हणायला जागाच उरत नाही. प्रश्न असा असावा की दोन्ही उत्तरं सारखीच सोपी वाटावीत.

“मुलगा शारजात आहे. पहिलं दीड वर्ष तरी तुला रोह्यात सासरी राहावं लागेल असं दिसतं. काही मुलींना ते जमतं, काहींना नाही. तुला कसं वाटतं?” असं विचारलं तर मुलगी बोलते. पुढे विचारावं, “कशाची काळजी वाटते?” तेव्हा खरी गोष्ट बाहेर येते. कोणाला अम्मीच्या आजारपणाची चिंता असते. कोणाचं डी.एल.एड. नुकतंच झालेलं असतं आणि शिक्षक भरतीची वाट पाहायची असते. कोणाला अनोळखी देशात दिवसभर एकटं राहण्याची भीती वाटते.

उत्तर लगेच मागू नये. आठवडाभर वेळ द्यावा आणि मग तोच प्रश्न पुन्हा विचारावा. दोन्ही वेळा एकच उत्तर आलं तर ते तिचं स्वतःचं समजावं. “तुम्ही म्हणाल तसं” किंवा “अब्बांना विचारा” हे उत्तर नव्हे. ते आलं तर समजावं की तिला अजून मोकळं वाटलेलं नाही. जी खरोखर तयार असते ती उलट प्रश्न विचारते: खोली कशी आहे, शेजारी कोण आहे, मला तिथे काम करता येईल का, वर्षातून एकदा घरी येता येईल का. प्रश्न येत असतील तर ती त्या आयुष्याचा विचार करते आहे. काहीच विचारत नसेल तर जरा थांबावं.

आणि हाच प्रश्न मुलालाही विचारावा. मुलीला पेणमध्ये किंवा अलिबागला नोकरी लागली तर तो परत येण्याचा विचार करील का? पनवेलला घर घेऊन इथेच काम बघेल का? त्याच्या अब्बांचं वय झालं तर? मुलालाही आपल्याकडे कोणी मोकळेपणी विचारत नाही. कितीतरी मुलं मनातून परत यायला तयार असतात, पण घरच्या कर्जापोटी किंवा बहिणीच्या लग्नापोटी तिथे अडकलेली असतात. मुलीला ते आधी कळलेलं बरं.

एक उदाहरण सविस्तर

समजा, मुलगी पेणची आहे. पदवी झाली आहे आणि एका खासगी शाळेत शिकवते. मुलगा रोह्याचा आहे, शारजात एसी टेक्निशियन आहे. पगार 3,500 दिरहम, राहायला कंपनीची खोली, तिघांत. घरी अम्मी, अब्बा आणि लहान भाऊ.

मध्यस्थ म्हणतात, “मुलगा दुबईला आहे, मुलीला घेऊन जाईल.” इथे थांबून हिशोब मांडला तर काय दिसतं? पगार 4,000 च्या खाली आहे. 3,000 ची अट लागू होण्यासाठी कुटुंबाची जागा हवी आणि ती कंपनी देत नाही. म्हणजे आजच्या घडीला नेता येत नाही. मुलीच्या खालाने मुलाच्या बहिणीला फोन करून वर दिलेला प्रश्न विचारला: पगार अटीत कधी बसेल? मुलाने सांगितलं की पुढच्या करारात पाचशे वाढतील असं वाटतं, पण खात्री नाही, आणि करार चौदा महिन्यांनी आहे. घरासाठी आगाऊ पैसे जमवायला आणखी सहा महिने लागतील.

आता मुलीसमोरचा प्रश्न बदलला. तो ‘दुबईला जाशील का’ असा राहिला नाही. तो असा झाला: साधारण वीस महिने कुठे राहायचं, आणि वाढ झालीच नाही तर काय?

खालाने तिला हे जसंच्या तसं सांगितलं. आठवड्याने ती म्हणाली, “खाला, शारजाला जायला माझी ना नाही. पण वीस महिने नोकरी सोडून रोह्यात बसणं मला जमणार नाही. तिथून रोज पेणला येणं-जाणंही झेपणार नाही.” हे उत्तर ‘हो’ही नाही आणि ‘नाही’ही नाही. पण अशाच उत्तरावर बोलणी पुढे जाऊ शकतात.

मुलाकडे ते खालाने मुलीची परवानगी घेऊनच पोचवलं. त्याची अम्मी आधी खट्टू झाली, कारण घरात सून येईल ही तिची आशा होती. मुलाने तिला फोनवर समजावलं. शेवटी असं ठरलं: शाळा चालू असताना मुलगी आठवड्यातले पाच दिवस माहेरी पेणला राहील, शनिवार-रविवार आणि सुट्टीत रोह्याला सासरी. दीड वर्षाने दोघं पुन्हा बसून बोलतील. तोवर पगार अटीत बसला नसेल तर मुलगा परत येण्याचा किंवा दुसऱ्या नोकरीचा विचार करील, आणि तो निर्णय दोघांचा असेल.

प्रत्येक घराला हे पटेल असं नाही. दुसऱ्या घरात याच टप्प्यावर रिश्ता थांबला असता, आणि तेही वाईट नव्हतं. निकाहनंतर सहा महिन्यांनी थांबण्यापेक्षा मंगनीआधी थांबलेला रिश्ता दोन्ही घरांना सोसतो. अशा वेळी मध्यस्थाने एवढंच सांगावं, “जागेचं जमलं नाही.” मुलगी हट्टी आहे किंवा मुलाची कमाई कमी आहे, असं गावात पसरू देऊ नये. ‘नाही’ म्हटल्यावर बदनामी होते हे दिसलं, की पुढची मुलगी खरं बोलत नाही.

कागदावर काय लिहावं, आणि कागदाची मर्यादा

ठरलेलं लिहून ठेवावं का? ठेवावं. एका साध्या कागदावर तीनच गोष्टी पुरतात: पहिलं वर्ष कुठे राहायचं, व्हिसा येईपर्यंत खर्च कोण आणि कसा पाठवणार, आणि बेत बदलला तर पुन्हा कधी बोलायचं. दोघांकडे एक-एक प्रत असावी.

काही जण निकाहनाम्यातच अट घालतात की मुलीला तिच्या मर्जीविरुद्ध गावाबाहेर नेणार नाही. ही अट घालण्याआधी काझी साहेबांशी बोलून घ्यावं, कारण तिच्यावर फिकहमध्ये मतभेद आहे. हंबली मतानुसार अशी अट पाळावी लागते आणि ती मोडली तर स्त्रीला निकाह फस्ख करून घेण्याचा हक्क मिळतो. आपल्या कोकणी मुसलमानांत बहुतांश घरं शाफई आहेत, आणि शाफई मतात अशी अट पतीला बांधत नाही, निकाह मात्र सहीह राहतो. म्हणजे अट लिहिली म्हणून मुलगी सुरक्षित झाली असं समजून गाफील राहू नये. आधी झालेलं मोकळं बोलणंच खरा आधार आहे. लिहिलेला कागद त्या बोलण्याची आठवण देतो.

एक कागद मात्र टाळू नये, तो विवाह नोंदणीचा. महाराष्ट्रात 1998 च्या कायद्याप्रमाणे मुस्लिम निकाहचीही नोंदणी होते आणि ती निकाहपासून 90 दिवसांच्या आत करायची असते. परदेशी व्हिसासाठी हाच दाखला पुढे प्रमाणित करून घ्यावा लागतो: आधी राज्य सरकारकडे, मग परराष्ट्र मंत्रालयाकडे आणि देशानुसार त्या देशाच्या दूतावासाकडे. दाखल्यावरचं नाव आणि पासपोर्टवरचं नाव अक्षरन् अक्षर जुळलं पाहिजे. ‘शेख’, ‘खान’ पुढे की मागे, अब्बांचं नाव आहे की नाही, एवढ्या फरकावर अर्ज परत येतो आणि महिने जातात. मुलीचा पासपोर्ट नसेल तर तो काढण्याचा वेळही यात धरावा. निकाह आणि विमान यांच्यामध्ये हा काळ असतोच, हे तिला आधीच सांगितलेलं असावं.

उत्तर बदललं तर

शेवटची गोष्ट. निकाहआधी मनापासून दिलेला ‘हो’ही नंतर बदलू शकतो. अम्मी आजारी पडते, मूल होतं, कंपनी बंद पडते. मुलगी शारजाला जाऊन दोन महिन्यांत कोमेजते, किंवा रोह्यात राहायला तयार झालेली मुलगी वर्षभराने म्हणते, आता मला तुमच्याजवळ यायचंय. याला शब्द फिरवणं म्हणू नये. म्हणूनच पुन्हा बोलायची तारीख आधी ठरवायची. त्या दिवशी बोलणं ठरलेलंच असतं, त्यामुळे तक्रार करायला वेगळा धीर गोळा करावा लागत नाही.

पुढच्या वेळी कोणाच्या बैठकीत तो प्रश्न आला, “मुलगी बाहेर यायला तयार आहे ना?”, तर अब्बांनी चहाचा कप खाली ठेवून एवढंच म्हणावं, “कुठे, कधी आणि कसं ते सांगा. तिला विचारून आठ दिवसांत कळवतो.”